हाकेनंतरचा दिवा

राळेगावच्या बसस्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, तेरवी, कशाचेही फोटो माझ्याकडे येतात आणि मी त्यांना तारे-फुलं-किरणं लावून परत पाठवते. माझा एक नियम आहे, फ्लेक्सवर मोकळी जागा ठेवायची नाही. तळहाताएवढा कोपरा रिकामा दिसला की गिऱ्हाईक बोट ठेवून म्हणतं, "राखीताई, इथं काहीतरी टाका ना." मग मी आधीच टाकून ठेवते. लोक मला भडक म्हणतात. म्हणू देत. त्यांच्याच पोरांच्या वाढदिवसाला ते माझ्याकडेच येतात.

माझ्या शेजारच्या गाळ्यात ममता राठोडची बेकरी आहे. गेल्या दिवाळीनंतर उघडली, त्यामुळे ही तिची पहिलीच दिवाळी. ममता बंजारा तांड्यावरची. घरात गोरबोली, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि पिठाशी मुकी. मी एक विचारलं की ती आधी पाव उलटवणार, मग हात पुसणार, मग उत्तर देणार. तोवर माझा जीव वरखाली होतो. पण ते उत्तर पुन्हा कधी बदलावं लागत नाही, हेही खरं. तिचा नवरा शाम पहाटे भट्टी पेटवतो आणि दिवसभर मोटारसायकलवर गावोगाव पाव पोचवतो. बाकी सगळी बेकरी म्हणजे ही एकटी बाई.

हे काम तिला बापाकडून आलं. नेमसिंग बापू तरुणपणी नागपूरच्या एका बेकरीत भट्टीवर होते. सणाला घरी येताना पत्र्याच्या डब्यात खारी आणि नानकटाई आणायचे, आणि तांड्यातली पोरं त्या डब्याच्या वासानं त्यांच्या मागं चालायची. पुढं काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. ममतानं बेकरी काढली तेव्हा बापूंनी भट्टीच्या भिंतीवर हात फिरवला, पाटीच्या अक्षरांवर हात फिरवला आणि "चांगली हाये" म्हणाले. पण हात कुठवर पुरणार?

डोळे गेल्यापासून बापूंना सगळं जग दुसऱ्याच्या तोंडून कळतं. अमका आला, तमकं हिरवं आहे, समोर पायरी आहे. याला अपवाद एकच, त्यांचा फोन. पुतण्यानं त्यात बोलणारी सोय चालू करून दिली. पडद्यावर बोट ठेवलं की आतली बाई तिथं लिहिलेलं वाचून दाखवते. तेव्हापासून बापू कापसाचा भाव, पाऊसपाणी, नातेवाइकांचे निरोप, सगळं स्वतः वाचतात. 'ऐकतो' म्हणत नाहीत, 'वाचतो' म्हणतात. कुणी मध्ये पडून "आना बापू, मी सांगतो" म्हटलं की फोन सरळ खिशात घालतात. ममताला हे माहीत होतं. म्हणून दिवाळीच्या डब्याची जाहिरात इन्स्टाग्रामवर टाकायचं ठरलं तेव्हा तिनं मला एकच गोष्ट सांगितली.

"राखीताई, बापूले ते स्वतः वाचता आलं पाह्यजे. कोनी वाचून दाखवाची गरज नाही पडली पाह्यजे."

"त्यात काय हाये? फोन वाचून दाखवते ना," मी म्हटलं, आणि विषय माझ्याकडून संपला.

डबा मात्र खरंच देखणा होता. भट्टीत भाजलेली करंजी, ज्वारीची नानकटाई, बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि चकली. करंजीला तेलाचा थेंब नाही, तरी वरचा पापुद्रा बोटानं सुटावा असा. मी झेंडूच्या पाकळ्यांवर डबा ठेवून फोटो काढला. फोटोखालचा मजकूरही मीच लिहायला बसले, कारण त्याला काहीतरी लावल्याशिवाय माझ्यानं राहवणार नव्हतं.

इथं एक गंमत कळली. फोनमध्ये जगातल्या खाण्याची चित्रं आहेत. पिझ्झा आहे, सुशी आहे, अर्धा कापलेला अवोकाडो आहे. लाडू नाही! करंजी नाही, चकली नाही, अनारसा नाही. मला राग आला. पण मीही फ्लेक्सवाली आहे, आकार ओळखणं माझं पोट आहे. शोधता शोधता चिमट्या घातलेला एक पांढरा पदार्थ दिसला, कुठल्या तरी लांबच्या देशातला उकडलेला. 🥟 डिट्टो करंजी. लाडवाला नारिंगी गोल 🟠, शंकरपाळ्याला नारिंगी चौकट 🔶. चकलीसाठी तर मी स्वतःचीच पाठ थोपटली. निळी भोवऱ्यासारखी खूण 🌀, काढा गोल गोल. मग शब्दांच्या मध्ये मध्ये सगळं पेरलं. सुरुवातीला दिव्यांची रांग, कारण दिवाळी म्हटल्यावर दिवे आधी. प्रत्येक पदार्थाच्या जागी त्याचं चित्र, भट्टीसाठी आग 🔥, उरलेल्या जागेत चांदण्या. मोकळी जागा नाहीच ठेवली.

"कसं वाटते?" मी फोन ममतापुढं धरला.

तिनं ट्रे भट्टीत सरकवला, हात पुसले. "चमकते," ती म्हणाली. मी ती शाबासकी समजले.

बाजाराचा दिवस होता. दुपारी बापू आणि ममताची आई बसंतीबाई एसटीनं आले. बापू भट्टीला लागून असलेल्या बाकावर बसले, तिथली ऊब त्यांना आवडते. बसंतीबाईंना मी मावशी म्हणते; त्या दारात डबे बांधायच्या दोऱ्या सोडवत बसल्या. ममतानं जाहिरात अजून टाकली नव्हती. तिनं मजकूर आधी बापूंना व्हॉट्सॲपवर पाठवला.

"बापू, तुमाले काही पाठवलं. वाचा बरं."

बापूंनी फोन काढला. पागोटं सरळ केलं, जणू कुणी भेटायला येणार होतं. बोट पडद्यावर ठेवलं. आतली बाई बोलू लागली.

"दिवा, दिवा, दिवा, दिवा, दिवा," असं काहीतरी म्हणत ती सुटली. मग "चमचमणाऱ्या चांदण्या", मग "आली आली", पुन्हा "चांदण्या", मग "ममता बेकरीची", मग "आग". बापूंचं बोट थांबलं. पुढं "भाजलेली" म्हटल्यावर करंजीच्या जागी ती बया "डंपलिंग" म्हणाली. कोणाच्या बापानं ऐकलंय ते? मग "नारिंगी वर्तुळ", मग "मोठा नारिंगी डायमंड". मग ती थांबली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "चक्रीवादळ."

बापूंनी चेहरा वर केला. "चक्रीवादळ? कुठी? कापूस तं वावरातच फुटून हाये अजून!"

मी फसकन हसले. मावशी पण हसल्या. बापूही जरासे हसले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवलं. पुन्हा दिवे, पुन्हा आग, पुन्हा वादळ. तिसऱ्यांदाही. वाक्याचं एक टोक हातात आलं की मध्येच काहीतरी येऊन पडायचं आणि ते टोक निसटायचं. त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. सणाचा डबा विकायला निघालेलं ते वाक्य त्यांना काही केल्या सापडत नव्हतं.

"थांबा बापू, मी वाचून दाखवते," मी म्हटलं. ममतानं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसले.

बापूंनी फोन खिशात घातला. "चांगलं हाये बेटी," ते म्हणाले. मग जरा वेळानं, कुणाला उद्देशून न म्हणता ते बोलले, "दिवे लय आले. हाक नाही आली."

मला काही कळलं नाही. पण मावशींच्या हातातली दोरी थांबली आणि ममता भट्टीसमोर तशीच उभी राहिली. ट्रेमधल्या नानकटाया जरा जास्तच लाल झाल्या त्या दिवशी, आणि तिच्या हातून तसं कधी होत नाही.

नंतर ती माझ्या दुकानात आली. "हाक नाही आली म्हंजे काय?" मी विचारलं. तिनं सांगितलं, तेही तिच्या पद्धतीनं, थांबून थांबून.

दिवाळीच्या अवसेला तांड्यात कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात. याला मेरा म्हणतात. प्रत्येक दारात थांबायचं, आत बसलेल्या मोठ्या माणसाला त्याच्या नात्यानं हाक मारायची. आई असेल तर याडी, बाप असेल तर बापू, मग दादा, वहिनी, जे असेल ते. हाक मारायची, मग दिवा पुढं करायचा, मेरा म्हणायचा. मोठं माणूस आशीर्वाद देतं. पण आधी हाक. हाक मारल्याशिवाय दिवा पुढं केला तर तो कुणाचाच नाही होत.

"आमचे बापू काय कराचे, ठाव हाये?" ती म्हणाली. "मी दिवा घेऊन गेली की, सख्खी पोरगी समोर उभी, तरी डोळे बारीक करून विचाराचे, 'कोनाची वं तू पोरगी?' साऱ्या पोरींले तसंच विचाराचे. आमी हसून हसून दिवा विझवाच्या. डोळे गेले तवापासून विचारणं सोडलं त्यायनं."

"काहून?"

"आता पोरींले वाटन ना, म्हाताऱ्याले खरंच नाही दिसून राह्यलं."

मी फोन उचलून माझ्याच दिव्यांची रांग पुन्हा पाहिली.

पण माझा स्वभावही लगेच कसा बदलणार? जरा वेळानं मीच भांडायला उठले. "पाय ममता, बापूचं खरं हाये. पण ही जाहिरात एका माणसासाठी नाही. तालुक्यातले लोक बोटानं पडदा ढकलत जातात. चमकलं नाही तर थांबत नाहीत. हे सारं काढलं तं उरन काय? चौथीचा धडा?"

"सारं काढा असं नाही म्हनून राह्यली मी," ती म्हणाली. "पाहू तं द्या, काय कुठी बसते."

"पाहून तं बसवलंच होतं मी."

"आयकून नाही बसवलं."

असं म्हणून तिनं स्वतःच्या फोनमध्ये बापूंसारखी बोलणारी सोय चालू केली. मग डोळे मिटले आणि बोट ठेवलं. मीही मिटले, कारण ती मिटून बसलेली असताना उघडे ठेवायला मला लाज वाटली.

आयुष्यभर मी चित्रं डोळ्यांनी निवडली. तो रंग इकडे, ती फुलं तिकडे. डोळे मिटून, कानानं चित्र निवडायचं असतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बह्याड म्हटलं असतं. आणि आता मी तेच करत होते, फ्लेक्सच्या दुकानात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरल्या तीन भाऊंच्या हसऱ्या फोटोंखाली. बाहेर एसटीचा भोंगा वाजत होता, कांद्याचा लिलाव चालला होता, आणि आत आम्ही दोघी एका टीचभर दिव्यासाठी कान लावून बसलो होतो.

पहिल्यांदा चांदण्या गेल्या. डोळ्यांना त्या एक क्षण लागतात, कानाला मात्र प्रत्येक चांदणी पूर्ण नावानिशी ऐकावी लागते. पाच चांदण्या म्हणजे पाच वेळा तेच. मला कधी वाटलंच नव्हतं की माझ्या चांदण्यांना वजन असतं. मग आग गेली. "ममता बेकरीची आग" असं कानावर पडल्यावर आम्ही दोघी हसलो आणि ती ताबडतोब काढली. मग ममता म्हणाली, करंजीला करंजीच म्हणायचं. तिच्या जागी चित्र नाही टाकायचं, पाहिजे तर तिच्या मागून टाका. मी हट्टानं नावामागं ते पांढरं चित्र लावून पाहिलं. "करंजी डंपलिंग," बाई म्हणाली. मीच पुसलं.

"लाडूचा गोल तरी ठेव," मी म्हटलं. "अन् चौकट. अन् माहं वादळ. डोळेवाल्या लोकांयनं काय पाप केलं?"

ती विचारात पडली. मग तिनं जे केलं ते मी अजून विसरले नाही. तिनं ते तिन्ही आकार उचलून अगदी शेवटी नेले, फोन नंबरच्याही खाली, एका वेगळ्या ओळीत. "सारं सांगून झाल्यावर," ती म्हणाली. "ज्याले पाह्याचं हाये तो पाहीन. ज्याले आयकाचं नाही तो बोट उचलून घेईन. काही अडत नाही त्याचं."

पुन्हा डोळे मिटून ऐकलं. मजकूर पाण्यासारखा वाहिला. करंजी, नानकटाई, लाडू, शंकरपाळे, चकली, बुकिंगसाठी फोन करा किंवा बसस्टँडसमोर या, आणि मग जोडलेले हात 🙏. ते हात कानाला इतके नीट वाटले की मी डोळे उघडून पाहिलं, खरंच कोणी नमस्कार केला का. खाली माझे तीन आकार झळकत होते. दिसायलाही बरं दिसत होतं, हे कबूल करताना माझी जीभ जड झाली होती.

राहिला दिवा.

इन्स्टाग्रामवर मजकूर लांब असला की पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा 'अधिक'वर दाबल्याशिवाय उघडत नाही. ते बारकं 'अधिक' बोटानं शोधून दोनदा दाबायचं म्हणजे बापूंची परीक्षाच. म्हणून दिवा पहिल्या ओळीत हवा, हे दोघींनाही पटलं. माझ्या मते त्या ओळीत 'बुकिंग सुरू' हवं होतं. ममतानं लिहिलं,

बापू, याडी, दादा, वहिनी 🪔

तिनं ऐकलं आणि नाही अशी मान हलवली. बाईनं सगळं एका दमात म्हटलं होतं, "वहिनी दिवा." जणू कोण्या वहिनीचं नावच दिवा होतं. तिनं दिवा बापूंच्या मागं नेला, "बापू दिवा, याडी". तेही नाही. प्रत्येकामागं एकेक लावून पाहिला, तर पुन्हा रांग झाली. "एका पोरीच्या हातात एकच दिवा असते," ती स्वतःशीच म्हणाली आणि बाकीचे पुसून टाकले. मग दिवा पुन्हा शेवटी आणला आणि त्याच्या आधी एक पूर्णविराम दिला.

बापू, याडी, दादा, वहिनी. 🪔

आता बाई "वहिनी" म्हणून थांबली. अगदी श्वासभर. दारात उभी राहिलेली पोर हाक मारून थांबते तेवढी. आणि मग म्हणाली, "दिवा."

खोटं कशाला सांगू? मी मोठमोठे फ्लेक्स छापले, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यावर सूर्य काढले, सिंह काढले. एका टिंबामागं ठेवलेल्या दिव्यानं असा उजेड पडलेला मी पाहिला नव्हता. आणि हा तर पाहिलाही नव्हता, डोळे मिटलेलेच होते.

"टाकू?" ममतानं विचारलं.

"थांब," मागून आवाज आला. बसंतीबाई दोऱ्या संपल्या म्हणून आल्या होत्या आणि कधीपासून दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ह्ये तं मेरा झाला. हाक मारली, दिवा देला. मेरा अवसेले असते ममता, अन् कुवारी पोरगी करते. तुहं लगन झालं. आता तुह्यानं नाही चालत."

"मेरा शब्द नाही टाकला याडी. हाक हाये अन् दिवा हाये. बाकी दिवाळीचं फराळच हाये."

"मी आडाणी असन, बहिरी नाही."

ममताच्या हाताला पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी ती पदराला हात पुसत राहिली. मला वाटलं, आता ही दिवा काढणार. आईच्या शब्दापुढं ती कधी गेली नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं की राहू दे, 'बुकिंग सुरू' टाकू, भांडण मिटलं. पण नाही म्हटलं. तो दिवा काढताना मला बघवलं नसतं.

"बापूनं म्हटलं, हाक नाही आली," ममता हळूच म्हणाली. "मी आयकलं याडी. तुबी आयकलं."

मावशींनी एकदा उंबरठ्याकडं पाहिलं. मग माझ्या टेबलावरचा दोऱ्यांचा गुंडा उचलला आणि त्या बेकरीकडं वळल्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ममतानं बटण दाबलं आणि जाहिरात गेली.

आम्ही बेकरीत आलो. बापू बाकावरच होते, एसटीला वेळ होता. ममता त्यांच्यासमोर उभी राहिली. "बापू, बेकरीचं आलं आता इन्स्टाग्रामवर. पाहाचं असन तं पाहा." आणि लगेच पाठ करून भट्टीकडं गेली. तिथं काही काम नव्हतं.

बापूंनी फोन काढला. बोटानं चाचपत उघडला. मघासारखंच होईल या भीतीनं असेल, यावेळी त्यांनी पागोटं सरळ केलं नाही. बोट वरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

मजकुराच्या आधी ज्यानं टाकलं त्याचं नाव येतं. हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. ममताच्या असेल.

"ममता बेकरी," फोनमधली बाई म्हणाली. "बापू, याडी, दादा, वहिनी." मग ती थांबली. "दिवा."

बापू हलले नाहीत. भट्टीत लाकूड तडतडलं. बाहेर कंडक्टर कळंबच्या नावानं ओरडत होता. बापूंनी मोकळा हात उचलला आणि फोनच्या वर धरला, थोडा उंच, जसा ज्योतीवर धरतात. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी न दिसणारे डोळे बारीक केले.

"कोनाची वं तू पोरगी?"

ममता वळली. मी आधीच तोंडाला पदर लावला होता.

उत्तर दारातून आलं. बसंतीबाईंनी हातातली दोरी दातात धरून गाठ मारली, सोडली आणि म्हणाल्या, "तुमच्याच पोरीची हाये. बेकरी. कुवारीच हाये अजून, चालते तिले."

बापू हसले. मोठ्यानं, दात नसलेलं, सगळ्या दुकानात घुमणारं हसू. "मंग जग बाई, मोठी हो," ते फोनला म्हणाले. हात अजून तसाच होता.

जाहिरात किती लोकांनी पाहिली, डबे किती गेले, ते ममता जाणे. मी एवढंच सांगते की त्या दिवसापासून माझ्या फ्लेक्सवर कुठं कुठं मोकळी जागा राहते आणि गिऱ्हाईक कुरकुर करतं.

कळंबची गाडी सुटली, मग त्यांच्या तांड्याकडची लागली. मावशींनी पिशवी उचलली. "चला, गाडी आली."

"येतो ना," बापू म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.